पुढील आदेशापर्यंत

जून महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवला. तो राखेच्या विटा बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात सुपरवायझरच्या हाताखाली काम करतो. आमच्या खापरखेड्यात औष्णिक वीज केंद्र आहे, राख आहे, म्हणून राखेच्या विटांचे असे कारखाने आजूबाजूला बरेच आहेत. फोटो नोटिशीचा होता. मजकूर चार ओळींचा: बाजारातील मंदीमुळे सर्व कर्मचाऱ्यांच्या पगारात 30 टक्के तात्पुरती कपात करण्यात येत आहे. ही कपात पुढील आदेशापर्यंत लागू राहील. सर्वांनी सहकार्य करावे. खाली "मान्य आहे" असे छापलेले आणि सहीसाठी रेघ.

फोटोखाली त्याचा प्रश्न होता, "सर, सही करू का?"

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही, कारण अशा नोटिशीवर मी स्वतः एकदा सही केलेली आहे. ती सही मला केवढ्याला पडली, ते आधी सांगतो.

2020 च्या जूनमध्ये मी एका विनाअनुदानित शाळेत शिकवत होतो. पगार महिना 12,000. लॉकडाऊन होता, फी येत नव्हती, हे खरे होते आणि कोणी नाकारत नव्हते. संस्थेने पत्र दिले: परिस्थिती पूर्वपदावर येईपर्यंत पगार निम्मा. आम्ही सगळ्यांनी सही केली. सेक्रेटरी साहेब म्हणाले, ही कौमची खिदमत आहे, थोडी कुर्बानी द्यावीच लागते. आम्ही मान हलवली. पत्रात तारीख नव्हती, हे कोणाच्या लक्षात आले नाही. आले असले तरी त्या वेळी विचारणे बरे दिसले नसते.

पुढे काय झाले? 17 महिने 6,000 रुपयांवर काढले. नोव्हेंबर 2021 पासून पगार 70 टक्के झाला, म्हणजे 8,400. पूर्ण 12,000 पुन्हा हातात आले ते जून 2023 मध्ये. दोन्ही काळातली कपात जोडली तर 1,70,400 रुपये होतात. त्यातला एक रुपयाही परत आला नाही, आणि येणार असे कोणी कधी म्हटलेही नव्हते. मला खरी बोचते ती शेवटच्या वर्षाची गोष्ट. जून 2022 पासून शाळा पूर्ण भरत होती आणि फी पूर्ण घेतली जात होती. तरी मे 2023 पर्यंत आमचे दरमहा 3,600 कापले गेले. त्या एका वर्षाचेच 43,200 होतात. फीसाठी परिस्थिती पूर्वपदावर आली होती, पगारासाठी आली नव्हती. ती आली की नाही हे ठरवणार कोण, हे पत्रात लिहिलेलेच नव्हते. त्यामुळे ज्यांच्या खिशात पैसे राहत होते, त्यांनीच ते ठरवले.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. ज्या नोटिशीत कपात कधी संपणार, आढावा कोणत्या तारखेला होणार आणि पगार कसा परत पूर्ण होणार हे लिहिलेले नाही, ती तात्पुरत्या कपातीची नोटीस नाहीच. तो पगार कायमचा कमी केल्याचा कागद आहे. "तात्पुरती" हा शब्द त्यावर फक्त सही मिळवण्यासाठी घातलेला असतो.

यावर मालक लोकांचे एक ठरलेले उत्तर असते: मंदी कधी संपेल हे आम्हाला तरी काय माहीत, मग तारीख कशी देणार? हे उत्तर ऐकायला खरे वाटते. पण ज्या संकटाचा शेवट खरोखर कोणालाच माहीत नव्हता, त्या 2020 च्या काळातलेच दोन सरकारी आदेश पाहा.

23 एप्रिल 2020 रोजी केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांचा आणि पेन्शनधारकांचा वाढीव महागाई भत्ता रोखला. तेव्हा करोना किती महिने चालेल हे दिल्लीतही कोणाला माहीत नव्हते. तरी आदेशात काळ लिहिला होता: 1 जानेवारी 2020 ते 30 जून 2021. या काळातले तीन हप्ते रोखले. पुढे काय होणार तेही त्याच आदेशात होते. 1 जुलै 2021 पासूनच्या हप्त्याचा निर्णय होईल तेव्हा रोखलेले तिन्ही हप्ते दरात मिळवले जातील, मात्र मधल्या काळाची थकबाकी मिळणार नाही. आणि तसेच झाले. 17 टक्क्यांवर थांबलेला भत्ता 1 जुलै 2021 पासून 28 टक्के झाला. थकबाकी बुडाली, कर्मचारी संघटना चिडल्या, आणि त्यांचा राग योग्यच होता. तो आदेश मला आवडला म्हणून मी त्याचे उदाहरण देत नाही. पण त्या आदेशाखालच्या शिपायालाही पहिल्या दिवसापासून तीन गोष्टी माहीत होत्या: किती काळ, नंतर किती आणि मधले मिळणार की बुडणार. त्यावरून त्याला घराचा हिशेब मांडता येत होता, मुलीच्या लग्नाची तारीख पुढे ढकलायची की नाही हे ठरवता येत होते. आम्हाला ते येत नव्हते.

दुसरा आदेश आंध्र प्रदेशचा. 31 मार्च 2020 ला तिथल्या सरकारने कर्मचाऱ्यांच्या पगाराचा आणि पेन्शनचा काही भाग पुढे ढकलला, आणि तो कधी देणार याची तारीख दिली नाही. एका निवृत्त महिला न्यायाधीशाने उच्च न्यायालयात धाव घेतली. ऑगस्ट 2020 मध्ये उच्च न्यायालयाने रोखलेले पैसे 12 टक्के व्याजासह द्यायला सांगितले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. 8 फेब्रुवारी 2021 ला तिथे व्याज 6 टक्क्यांवर आले, पण ते रद्द झाले नाही. न्यायालयाचे म्हणणे साधे होते: केलेल्या कामाचा पगार हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे, आणि तो उशिरा देणाऱ्याने उशिराची भरपाई दिली पाहिजे. मी यातून एवढेच घेतो की रोखलेला पगार हे मालकावरचे कर्ज असते. आपण त्याला कुर्बानी म्हणू लागलो की ते कर्ज राहत नाही.

आपल्या महाराष्ट्रातही शब्दांचा हा फरक त्याच दिवसांत दिसला. 31 मार्च 2020 ला तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी जाहीर केले की मुख्यमंत्र्यांपासून सर्व लोकप्रतिनिधींच्या मार्चच्या पगारात 60 टक्के, अ आणि ब वर्गाच्या 50 टक्के, क वर्गाच्या 25 टक्के कपात होईल, आणि ड वर्गाला पूर्ण पगार मिळेल. ओरड झाली. मग सरकारने खुलासा केला की ही कपात नाही, पगार दोन टप्प्यांत मिळेल. रक्कम तीच, महिना तोच, बदलला फक्त शब्द. पण त्या एका शब्दाने पैसे बुडणार आहेत की येणार आहेत हे बदलले. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या: ज्याचा पगार मोठा त्याची टक्केवारी मोठी, आणि सर्वांत खालच्याला हात लावलेला नाही. विटांच्या कारखान्याच्या नोटिशीत हमालालाही 30 टक्के आणि मॅनेजरलाही 30 टक्के.

आता माझ्या विद्यार्थ्याकडे येतो. त्याचा पगार 18,000. तीस टक्के म्हणजे 5,400 जाणार आणि 12,600 हातात येणार. कायदा त्याच्या बाजूने किती आहे?

थोडा आहे, आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. पगारासारख्या सेवाशर्तीत कामगाराच्या तोट्याचा बदल करायचा असेल तर मालकाने त्याला आधी 21 दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होते, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. म्हणजे 25 जूनला नोटीस लावून जूनच्याच पगारातून कापणे चालत नाही. दुसरे, कपात कितीही संमतीने झाली तरी त्या कामाच्या किमान वेतनाखाली पगार जाऊ शकत नाही. "मान्य आहे" अशी सही असली तरी नाही. हमालाचा पगार तीस टक्के कापल्यावर किमान वेतनाखाली जातो का, हे कामगार कार्यालयात जाऊन ताज्या दराशी ताडून पाहावे. बहुतेक वेळा अशी नोटीस तिथेच अडकते.

काम नाही म्हणून मालकाने घरी बसवले तर त्याला कायद्यात ले-ऑफ म्हणतात. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला त्या दिवसांचे निम्मे मूळ वेतन आणि निम्मा महागाई भत्ता मिळतो. पण हा नियम कारखाना, खाण आणि मळा यांनाच लागतो, आणि तिथे पन्नास किंवा जास्त कामगार असावे लागतात. आमच्या भागातल्या कोळसा खाणीतल्या माणसाला तो मिळेल. बावीस माणसांच्या विटांच्या कारखान्यात नाही. आणि शिक्षकांचे काय? 1988 मध्ये गोव्यातल्या एका शाळेच्या शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातला कामगार नाही. म्हणजे शाळेच्या बसचा ड्रायव्हर 21 दिवसांची सूचना मागू शकतो, पण त्याच शाळेची शिक्षिका या कायद्याखाली मागू शकत नाही. ज्यांना कायदा अर्धवट पुरतो किंवा मुळीच पुरत नाही, त्यांच्याकडे उरतो फक्त तो कागद, नोटिशीचा. म्हणून त्यातला शब्द न् शब्द महत्त्वाचा आहे.

मी विद्यार्थ्याला फोन करून विचारले, "मंदी कसली आहे?" तो म्हणाला, "सर, पावसाळा आहे. बांधकामे थंडावली, विटा वाळत नाहीत, माल उठत नाही. दिवाळीनंतर उठतो." बघा! मालकाला तारीख माहीत नाही असे नाही. कारखान्यातल्या प्रत्येकाला ती माहीत आहे. फक्त कागदावर लिहायची नाही.

मग आम्ही दोघांनी बसून मालकाला देण्यासाठी दुसरा मसुदा केला. तो असा होता:

"पावसाळ्यात विक्री घटल्यामुळे 1 ऑगस्ट ते 31 ऑक्टोबर या तीन महिन्यांत 15,000 रुपयांवरच्या पगाराचा 30 टक्के भाग रोखून ठेवण्यात येईल. त्याखालच्या पगाराला हात लावला जाणार नाही. ही सूचना 8 जुलैला देण्यात येत आहे. 15 ऑक्टोबरला मालक आणि कामगारांचे दोन प्रतिनिधी बसून विक्रीचे रजिस्टर पाहतील. त्याआधी सलग दोन महिने दोन लाखांहून जास्त विटा उठल्या तर पुढच्या महिन्यापासून पगार पूर्ण होईल. मुदत वाढवण्याचा नवा लेखी आदेश 31 ऑक्टोबरपर्यंत निघाला नाही तर 1 नोव्हेंबरपासून पगार आपोआप पूर्ण होईल. रोखलेली रक्कम डिसेंबर ते मे अशा सहा समान हप्त्यांत दिली जाईल. मधे कोणी नोकरी सोडली, त्याला काढले किंवा त्याचा मृत्यू झाला, तर सर्व बाकी शेवटच्या हिशेबात एकदम दिली जाईल. पीएफ आणि ग्रॅच्युइटीसाठी पूर्ण पगारच धरला जाईल."

विद्यार्थ्याच्या बाबतीत याचा अर्थ तीन महिन्यांत 16,200 रोखले जाणार आणि नंतर 2,700 चे सहा हप्ते मिळणार. मालकावर आज एका पैशाचा जादा बोजा नाही. मंदीत त्याला हवी ती सवलत पूर्ण मिळते.

यातली दोन वाक्ये मी आग्रहाने घातली. पहिले "आपोआप पूर्ण होईल" हे. साध्या नोटिशीत पगार वाढवण्यासाठी आदेश लागतो, म्हणून कोणी काहीच केले नाही तर कपात चालू राहते. इथे उलट आहे: कोणी काहीच केले नाही तर पगार पूर्ण होतो. आळस, विसर, टाळाटाळ यांचा फायदा मालकाला मिळत नाही. माझ्या शाळेच्या पत्रात हे एक वाक्य असते, तर दर मुदतीला संस्थेला नवा आदेश काढावा लागला असता, त्याचे कारण लिहावे लागले असते. पूर्ण फी घेतल्यावर कोणते कारण लिहिले असते?

दुसरे वाक्य ग्रॅच्युइटीचे. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर निघते: दर वर्षाच्या नोकरीसाठी महिन्याचे 26 दिवस धरून 15 दिवसांचा पगार. समजा, मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 18,000 असलेला माणूस दहा वर्षे नोकरी करून कपातीच्या काळातच निवृत्त झाला. पूर्ण पगारावर त्याला 1,03,846 मिळतात. कापलेला पगार, म्हणजे 12,600, धरला तर 72,692. एका महिन्याची चुकीची वेळ आणि 31,154 रुपये गेले, तेही कायमचे. म्हणून कागदावर "कपात" असे लिहू द्यायचे नाही, "रोखून ठेवलेला भाग" असे लिहून घ्यायचे. पगार तोच राहतो, फक्त त्यातला काही भाग उशिरा येतो.

आता थोडे आपल्याच लोकांशी बोलतो. आपल्या संस्था, मदरसे, ट्रस्टच्या शाळा, आपल्या व्यापाऱ्यांची दुकाने, यांच्याबद्दल. जुम्याच्या खुत्ब्यात मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी द्या ही हदीस आपण दर वर्षी ऐकतो आणि डोके हलवतो. पण सूरह बकरहची 282 वी आयत पगाराच्या संदर्भात मी कधी ऐकली नाही. कुरआनातली ही सर्वांत मोठी आयत आहे आणि ती कर्जाच्या व्यवहाराबद्दल आहे. ठरावीक मुदतीचे देणे असेल तर ते लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, मुदतीसह लिहायला कंटाळू नका, असा तिचा आशय आहे. लिहून घेणारा कोण, हेही तिथे आहे: मजकूर सांगायचा आहे तो ज्याच्यावर देणे आहे त्याने, आणि त्याने त्यात काही कमी करायचे नाही. रोखलेला पगार हे देणेच आहे. मग ज्यांच्या कार्यालयाच्या भिंतीवर आयती फ्रेम करून लावलेल्या आहेत, त्यांच्या नोटिशीत मुदत का नसते?

मला उत्तर मिळते, "इन्शाअल्लाह, हालात सुधारले की देऊ." भाऊसाहेब, इन्शाअल्लाह म्हणायला आधी तारीख लागते. 1 नोव्हेंबरला, इन्शाअल्लाह. तारखेशिवायचा इन्शाअल्लाह ऐकणाऱ्याला काय सांगतो, हे पोरासोरांनाही कळते, आणि त्या पवित्र शब्दाची थट्टा आपणच करतो.

कोणी म्हणेल, संस्था बंद पडली असती तर तुम्हाला अर्धाही मिळाला नसता. मान्य. 2020 मध्ये आमच्या शाळेचे पालक रिक्षा चालवणारे, ठेक्यावर काम करणारे होते. फी कुठून आणणार होते? कपात टाळता आली असती असे मी तेव्हाही म्हटले नाही, आजही म्हणत नाही. अर्धा पगार घेऊन मी शिकवले आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा शिकवीन. माझी तक्रार कपातीच्या शेवटाबद्दल आहे. आढाव्याची तारीख म्हणजे त्या दिवशी मंदी संपेल असे वचन कोणी मागत नाही. त्या दिवशी समोर बसाल आणि रजिस्टर उघडाल, एवढेच मागतो. तेही द्यायचे नसेल तर अडचण मंदीची नाही.

विद्यार्थ्याला मी शेवटी सांगितले, "मान्य आहे" वर सही करू नकोस. सहीच्या जागी "प्रत मिळाली" लिही, तारीख टाक, नोटिशीचा फोटो ठेव. आपला मसुदा सोबत जोड आणि इतर एकवीस जणांपैकी जितके तयार होतील तितक्यांच्या सह्या घे, कारण एकट्याला मालक घरी पाठवतो, पंधरा जणांना बसवून चहा पाजतो. आणि दर महिन्याची पगाराची स्लिप जपून ठेव.

दहा दिवसांनी त्याचा मेसेज आला. मालकाने हप्त्यांचे वाक्य खोडले, ग्रॅच्युइटीचे खोडले. "31 ऑक्टोबर" मात्र राहू दिले, आणि "आपोआप" सुद्धा. म्हणजे त्याचे 16,200 बहुधा बुडणार. पण माझ्यासारखे 1,70,400 बुडणार नाहीत. त्याने 1 नोव्हेंबरला घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केला आहे.